दोन नि दोन पाच करणारा कॅशियर

ताई,

आधीच सांगतो, अक्षर कोंबडीनं पाय उमटवल्यासारखं आहे आणि पत्रही रटाळच होणार. मी ३१ वर्षांचा, सांगली जिल्ह्यात एका सहकारी बँकेत नोकरीला. पाच वर्षं कॅशवर बसलो. त्या काळात एकदाच कॅशला फरक आला, पन्नास रुपयांचा, आणि ती नोटही रात्री साडेसातला स्टॅम्पपॅडखाली सापडली.

जुन्या शाखेत मला सगळे ‘ताठ’ म्हणायचे. म्हणून दीड वर्षापूर्वी बदली झाली तेव्हा ठरवलं, इथे आपणच आपल्यावर हसायचं. पहिल्याच दिवशी एसटीत डोळा लागला, पुढच्या गावी उतरलो आणि तिथल्या शाखेत जाऊन ‘मी नवीन आलोय’ म्हणून उभा राहिलो. ही गोष्ट सांगितल्यावर सगळे खूप हसले. मग सवयच लागली. ‘मला हिशेब देऊ नका, दोन नि दोन पाच करणारा माणूस मी.’ ‘माझ्या टकलामुळे शाखेचं लाइटबिल वाचतं.’ ‘असला माल कोण पदरात घेणार?’ (माझं लग्न जमत नाहीये.) कुणी कामाचं कौतुक केलं की ‘आंधळ्याच्या हाती लागला गूळ’.

गेल्या महिन्यात सोनेतारणाचा चार्ज माझ्यापेक्षा तीन वर्षांनी ज्युनिअर मुलाला दिला. शाखाधिकारी हसून म्हणाले, ‘तुम्हीच म्हणता ना, हिशेब नको.’ आता शिपाईसुद्धा मला ‘पाच’ म्हणतो. घरी गेलो की हेच डोक्यात फिरतं. विनोद बंद केला तर पुन्हा ताठ म्हणतील. काय करू?

— ‘पाच’

प्रिय वाचक,

(‘पाच’ म्हणून हाक मारायला मी काही तुमच्या शाखेत कामाला नाही.)

एसटीची गोष्ट वाचून मी मोठ्यानं हसले. आणि हसून झाल्यावर तुमच्याबद्दलचं माझं मत तसूभरही खाली आलं नाही, उलट हा माणूस शेजारच्या टेबलाला असता तर बरं झालं असतं असं वाटलं. ‘दोन नि दोन पाच’ वाचून मात्र हसू आलं नाही. दोन्हीकडे तुम्ही स्वतःलाच हसताय, मग फरक कुठे पडला? तुमची सगळी अडचण या फरकात आहे, म्हणून आधी तोच उलगडते.

एसटीच्या गोष्टीत एक दिवस आहे, एक गाव आहे, डुलकी आहे, परक्या शाखेच्या दारात छाती काढून उभा राहिलेला एक माणूस आहे. तो माणूस कालचा. सांगणारा आजचा, जागा, ऐकणाऱ्यांच्या शेजारी बसलेला. तुम्ही आणि ऐकणारे मिळून त्या कालच्या माणसाकडे बघून हसता. म्हणूनच तुम्ही निवांत दिसता. ज्याला आपली फजिती एवढ्या बारकाव्यानिशी सांगता येते, तो त्या फजितीतून बाहेर आलेला आहे हे समोरच्याला न सांगता कळतं.

‘दोन नि दोन पाच’मध्ये कसलाच प्रसंग नाही. तिथे एक दाखला आहे, आणि तो तुम्ही स्वतःच्या सहीनं दिलाय. कधी, कुठे, काय झालं याचा पत्ता नाही. फक्त ‘मी असा आहे’. अशा वाक्यात कालचा आणि आजचा माणूस वेगळा राहत नाही, त्यामुळे हसायचं तर समोर बसलेल्या तुम्हालाच हसावं लागतं.

हे ओळखायची एक खूण आपल्या भाषेतच आहे. बोलताना ‘च’कडे लक्ष ठेवा. ‘मी वेंधळाच.’ ‘मला जमतच नाही.’ ‘माझं नेहमीचंच आहे.’ विनोदात ‘च’ आला की प्रसंग संपला आणि निकाल सुरू झाला असं समजा. ‘काल मी चष्मा डोक्यावर ठेवून अर्धा तास चष्मा शोधला’ ही गोष्ट झाली. ‘मी वेंधळाच आहे’ हा शिक्का झाला. तुमच्या पत्राच्या पहिल्याच वाक्यात ‘पत्रही रटाळच होणार’ असं आहे. मी एक अक्षर वाचायच्या आत निकाल लागला होता! ‘च’ दिसला म्हणजे गुन्हा झाला असं नाही, पण दिवसातून दहा वेळा दिसायला लागला तर बोलणारा विनोद करत नसून स्वतःला नावं ठेवतोय असं खुशाल समजावं.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, जी तुम्ही विनोद म्हणून सांगितलीच नाहीत: स्टॅम्पपॅडखालची नोट. पाच वर्षांत एकदा पन्नास रुपये कमी आले. कल्पना करते, ड्रॉवर उपडा झाला असेल, कचऱ्याची टोपली चिवडली असेल, शेवटच्या दहा ग्राहकांचे चेहरे आठवून झाले असतील, शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा असेल आणि साडेसातला नोट निघाली ती नाकासमोरच्या स्टॅम्पपॅडखालून. सांगायला बसलात तर या गोष्टीवर शाखा पोट धरून हसेल. तुमची फजिती तिच्यात पुरेपूर आहे. पण पन्नास रुपयांसाठी साडेसातपर्यंत थांबणारा कॅशियरही तिच्यातच आहे, आणि तो कुणी मुद्दाम दाखवावा लागत नाही. हसता हसता ऐकणाऱ्याच्या मनात जे उरतं ते ‘या माणसाचा हिशेब चोख असतो’ हे. स्वतःवरचा चांगला विनोद बहुतेक वेळा असाच असतो: वर गाढवपणा, आत गुण. तुम्ही मात्र आतला गुण काढून टाकून नुसता गाढवपणा विकायला ठेवलात, तोही नेमका ज्या गुणावर तुमचं पोट आहे त्या बाबतीत.

इथे एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९६६ साली अमेरिकेत एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना ध्वनिफिती ऐकवल्या. प्रश्नमंजूषेच्या संघासाठी मुलाखत देणारा एक उमेदवार कठीण प्रश्नांपैकी ९२ टक्के उत्तरं बरोबर देतो, दुसऱ्याची जेमतेम ३० टक्के बरोबर येतात. काही फितींत शेवटी हाच उमेदवार कपाला धक्का लावून नव्या सुटावर कॉफी सांडून घेतो, तसा आवाज येतो. हुशार उमेदवारानं कॉफी सांडली तेव्हा तो ऐकणाऱ्यांना आणखी आवडला. बेताच्या उमेदवारानं सांडली तेव्हा तो आधीपेक्षाही कमी आवडला. कॉफी तीच, धांदल तीच. आधी काय ठाऊक झालं होतं, एवढाच फरक.

तुमचं काय झालं ते यावरून पाहा. जुन्या शाखेत पाच वर्षं तुमची कॅश टॅली होताना सगळ्यांनी पाहिली होती. तिथे तुम्ही ‘दोन नि दोन पाच’ म्हणाला असतात तर उलटा अर्थ घेऊन लोक हसले असते. नव्या शाखेत तुमचं काम कुणी पाहायच्या आत तुम्ही हे बोलून बसलात. त्यांना तुमच्याबद्दल जी पहिली माहिती मिळाली ती तुमच्याच तोंडून, आणि त्यांनी ती भाबडेपणानं खरी मानली. शाखाधिकाऱ्यांवर रागावलात तर मी समजू शकते, पण त्यांच्या खुर्चीत बसून बघा. सोनेतारण म्हणजे लोकांचे दागिने. वजन ग्रॅमच्या अंशापर्यंत, सीलबंद पिशव्या, रजिस्टर, दोघांच्या किल्ल्यांशिवाय न उघडणारी तिजोरी. दुसरी किल्ली कुणाच्या हाती द्यायची याचा विचार करताना त्यांना आठवणार काय? तुम्ही त्यांच्या कानावर रोज घातलं तेच.

त्यामुळे कामाच्या ठिकाणी माझा नियम एकच आहे आणि तो मी कडकपणे पाळते: ज्या गोष्टीचा पगार मिळतो ती सोडून बाकी कशावरही हसा. कॅशियरनं हिशेबावर, ड्रायव्हरनं डोळ्यांवर, भूलतज्ज्ञानं झोपेवर विनोद करू नये. तुम्हाला पोहता येत नाही, गोल चपाती लाटता येत नाही, मोबाइलवरून चुलत्याऐवजी साहेबांना ‘जेवलास का रे?’ पाठवलंत, हे सगळं तुमच्या मालकीचं रान आहे. तिथे हवं तेवढं हुंदडा.

मीही यातून गेले आहे. सुरुवातीच्या व्याख्यानांत मी हटकून ‘मी काही तज्ज्ञ नाही, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या’ म्हणायचे. नम्र वाटायचं, हातही थरथरायचे कमी. मग एका कार्यक्रमात सूत्रसंचालकानं माझी ओळखच करून दिली, ‘ताई काही तज्ज्ञ नाहीत, पण बोलतात छान.’ श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाजवता आल्या नाहीत.

आता लग्नाचा विनोद. तो केल्यावर टेबलाभोवती काय होतं, आठवून बघा. मला वाटतं क्षणभर शांतता पसरते, मग कुणीतरी ‘अहो असं काय बोलता, जमेल की’ म्हणतं आणि विषय बदलतो. म्हणजे तुम्ही विनोद केलात आणि समोरच्याला समजूत काढायचं काम लावलंत. त्याला हसावं तर क्रूर दिसेल, गप्प बसावं तर सहमत दिसेल. तिसरा मार्ग फक्त सांत्वनाचा, म्हणून तो सांत्वन करतो आणि पुढच्या वेळी तुमच्या टेबलावर चहा प्यायला जरा कमी येतो. स्वतःवरचा विनोद जमला की नाही याची हीच खरी परीक्षा. एसटीच्या गोष्टीनंतर लोकांनी काय केलं असेल? एकानं सांगितलं असेल की तो एकदा दुसऱ्याच्याच लग्नात जेवून आला, दुसरीनं सांगितलं असेल की ती चुकीच्या बारशाला पाळणा म्हणून आली. आपल्या विनोदावर समोरच्याची फजिती बाहेर पडते तेव्हा तो जमला. ‘अहो नाही हो’ बाहेर पडतं तेव्हा आपण उधारी केली.

जखम ओली असेपर्यंत तिच्यावरचा विनोद उधारीचाच होतो. लग्न न जमण्याचं दुःख तुमच्या वयाच्या, तुमच्या भागातल्या कितीतरी मुलांना आहे, त्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे आणि कधीतरी तुम्ही त्यावर झकास बोलालही. मुलगी बघायला गेल्यावर मुलीच्या काकांनी तुम्हाला बँकेच्या व्याजदराबद्दलच प्रश्न विचारले असतील तर तो प्रसंग आजसुद्धा सांगता येईल. ‘असला माल’ हे आज सांगता येणार नाही, कारण ते तुम्हाला खरं वाटतं आणि ऐकणाऱ्याला ते ऐकू येतं.

टकलाचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तिथे माझा ‘च’चा नियम नीट लागत नाही. टक्कल हा प्रसंग नाही, दोषही नाही. ते आहे, सगळ्यांना दिसतं, आणि लाइटबिलाची कोटी तशी बरी आहे. इथे दोनच गोष्टी बघा. हेच वाक्य दुसऱ्या कुणी तुमच्याबद्दल म्हटलं तर तुम्हाला झोंबेल का? झोंबणार असेल तर तुम्हीही म्हणू नका, कारण तुम्ही म्हणालात की इतरांना परवाना मिळतो. आणि खोलीत आणखी कुणाचं टक्कल आहे का? स्वतःला मारलेला टोला शेजाऱ्याला लागतो हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. बारीकशी बाई ‘मी कसली म्हैस झालेय’ म्हणते तेव्हा तिच्या बाजूला बसलेल्या जाड बाईनं काय करायचं? टक्कल काढलंत तरी महिन्यातून एकदा. रोज तीच कोटी ऐकून तर केस असलेल्यांचेही गळतील.

कौतुकाचं थोडक्यात. आपल्याकडे ‘कसचं कसचं’ म्हणायची रीत आहे, ती वाईट नाही. चहाला ‘नको नको’ म्हणावं तशी ती एक औपचारिकता आहे आणि दोन्ही बाजूंना ते ठाऊक असतं. पण ‘आंधळ्याच्या हाती लागला गूळ’ म्हणता तेव्हा तुम्ही स्वतःबरोबर कौतुक करणाऱ्यालाही मूर्ख ठरवता, त्याला काही कळत नाही असं त्याच्या तोंडावर सांगता. त्याऐवजी कामाबद्दल एक खरं वाक्य सांगा. ‘हो, त्या फायलीला दोन दिवस लागले, सात-बारावर नाव जुळत नव्हतं.’ यात बढाई नाही, आणि विनोद करायचाच असेल तर त्या सात-बाऱ्यावर करा.

कॅनडातल्या रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या सवयी मोजायची ३२ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात स्वतःला आधार देणारा विनोद आणि स्वतःला पोखरणारा विनोद असे दोन वेगळे प्रकार धरले आहेत. पोखरणाऱ्या प्रकारात नुसती स्वतःची टर येत नाही. इतरांना आपल्यावर हवं त्यापेक्षा जास्त हसू देणं येतं, आणि मनात काय चाललंय ते जवळच्यांनाही कळू नये म्हणून हसवत राहणंही येतं. हा प्रकार वापरणाऱ्यांत खिन्नता आणि चिंता जास्त आढळते. विनोदामुळे खिन्नता येते की खिन्न माणूस असा विनोद करतो, हे त्यावरून ठरत नाही. तुमच्या पत्रातलं ‘घरी गेलो की हेच डोक्यात फिरतं’ हे वाक्य मला म्हणून थांबवून गेलं. घरी एकटे असताना, ऐकायला कुणी नसतानाही तुम्ही स्वतःला ‘पाच’ म्हणत असाल तर ते विनोदाच्या खात्यात धरता येणार नाही. झोप, जेवण, कामावर जायची इच्छा यांवर दोन-तीन आठवडे परिणाम दिसत असेल तर समुपदेशकाशी बोला. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

आता शाखेत काय करायचं. ‘आजपासून मी असे विनोद करणार नाही’ असं जाहीर करू नका, त्याचाच विनोद होईल. फक्त माल पुरवणं बंद करा. हिशेब, लग्न आणि गूळ हे तीन विषय उद्यापासून बंद. त्यांच्या जागी आठवड्याला एखादी खरीखुरी गोष्ट पुरे, आणि पहिली गोष्ट स्टॅम्पपॅडची सांगा. बाकी वेळ इतरांच्या गोष्टींवर मनापासून हसा. तुम्हाला ताठ म्हणायचे ते तुम्ही विनोद करत नव्हता म्हणून की इतरांच्या विनोदावर हसत नव्हता म्हणून, हे एकदा स्वतःला विचाराच. माझा अंदाज दुसरा आहे. सैल दिसायला बोलावंच लागतं असं नाही. ऐकताना हसणारा माणूस कुणाला ताठ वाटत नाही.

कुणी ‘पाच’ म्हणून हाक मारली तर चिडू नका आणि हसूही नका. अर्धा क्षण थांबा आणि नेहमीच्या आवाजात ‘बोला, काय काम आहे?’ एवढंच म्हणा. पहिल्या आठवड्यात लोक जास्तच म्हणतील, कारण चालणारा विनोद चालेनासा झाला की माणूस तो जोर लावून पुन्हा करून बघतो. तिथे एकदा जरी तुम्ही हसलात तर पुन्हा पहिल्यापासून. शिपायाला मात्र बाजूला घेऊन साधेपणानं सांगा, ‘ते पाच म्हणणं आता बंद करू या.’ तो तुमच्याशी वाईट नाही, त्याला वाटतं तुम्हाला आवडतं.

शाखाधिकाऱ्यांकडे चहाच्या वेळी जाऊ नका, दुपारी गर्दी ओसरल्यावर केबिनमध्ये जा. ज्युनिअर मुलाबद्दल चकार शब्द काढू नका. सांगायचं ते असं: ‘साहेब, हिशेबाबद्दल मी गमतीनं बोलत आलो, त्यातून वेगळा समज झाला असेल तर तो माझ्यामुळे झाला. कॅशवर पाच वर्षं होतो, एकदाच फरक आला आणि तोही त्याच दिवशी निघाला. जुन्या शाखेत विचारून बघा. सोनेतारणाला रजेचा बदली माणूस लागेल तेव्हा मला द्या.’ चार-पाच वाक्यं, एकही कोटी नको. पूर्ण चार्ज मागू नका, तो नुकताच दिलाय आणि काढून घेणं त्यांना अवघड जाईल; रजेतलं काम देणं सोपं जातं आणि पिशव्यांचं वजन तुम्ही कसं घेता ते त्यांना चार दिवसांत दिसतं. केबिनमध्ये तुमच्या जिभेवर लाइटबिल येईल, मला खात्री आहे. ते बाहेर येऊन चहावर सांगा.

आणि अक्षराचं म्हणाल, तर फोटोतलं पत्र मी चष्म्याशिवाय वाचलं. पाय कोंबडीचे असतील, पण ओळीत चाललेत.

तुमची,
ताई